दुसऱ्या शिक्षकाचा रकाना

पाचवीच्या गणिताचे टाचण. घटक: अपूर्णांक. उपघटक: अपूर्णांकांचा लहानमोठेपणा. कागदावर तीन रकाने आखलेले असतात. डावीकडे वेळ, मध्ये विषयशिक्षकाचे काम आणि उजवीकडे विशेष शिक्षकाचे. मधला रकाना गच्च भरलेला असतो: पूर्वज्ञान तपासणे, संकल्पना समजावणे, फळ्यावर दोन उदाहरणे, सराव, स्वाध्याय. उजव्या रकान्यात पहिल्या ओळीला लिहिलेले असते, 'गरजू विद्यार्थ्यांना मदत करणे'. त्याखाली शेवटपर्यंत 'वरीलप्रमाणे'.

दोन शिक्षकांनी मिळून शिकवलेली तासिका फसते ती बहुतेक वेळा या उजव्या रकान्यात. दोघांचे पटत नाही, वर्ग मोठा आहे, साहित्य नाही, ही कारणे खरी असतात. पण त्यांच्याही आधी, दुसरी व्यक्ती दहाव्या मिनिटाला नेमके काय करत असेल हे कोणी ठरवलेलेच नसते. मग ती व्यक्ती बाकांमधून फिरते, एखाद्याची वही सरळ करते, एखादीला कुजबुजून उत्तर सांगते आणि तास संपतो.

सहअध्यापनाची ही पद्धत आज ज्या रूपात ओळखली जाते ते रूप तिला अमेरिकेत मिळाले. तिथे १९७५ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना सार्वजनिक शाळांची दारे उघडली आणि मग प्रश्न उभा राहिला की विशेष शिक्षक त्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवणार, की वर्गात येऊन. लिन कुक आणि मेरिलिन फ्रेंड या दोन अभ्यासकांनी १९९५ साली लिहिलेल्या लेखातली मांडणी आजही प्रमाण मानली जाते. दोन शिक्षक एका वर्गात काम कसे वाटून घेऊ शकतात याचे जे सहा प्रकार पुढे रूढ झाले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याने निरीक्षण करायचे. एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याने मदत करायची. वर्गात वेगवेगळी कामाची ठिकाणे मांडून मुलांना फिरवायचे. वर्गाचे दोन भाग करून दोघांनी एकच पाठ समांतर घ्यायचा. एकाने मोठा गट आणि दुसऱ्याने छोटा गट सांभाळायचा. किंवा दोघांनी एकत्र उभे राहून संवादातून शिकवायचे.

सहापैकी सगळ्यात सोपा प्रकार दुसरा, कारण त्याला तयारी लागत नाही. स्क्रग्ज, मास्ट्रोपिएरी आणि मॅकडफी यांनी २००७ मध्ये सहअध्यापनाच्या ३२ गुणात्मक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा वर्गावर्गांत राज्य याच प्रकाराचे असल्याचे दिसले आणि विशेष शिक्षकाचे स्थान बहुतेक ठिकाणी दुय्यम राहिले होते. या पद्धतीने मुलांना किती फायदा होतो, याचे ठोस मोजमापही फारसे नाही. २००१ साली मुरावस्की आणि स्वॉन्सन यांनी ८९ अभ्यास तपासले. हिशेब मांडता येईल इतकी माहिती त्यातल्या फक्त सहांत सापडली. त्या सहांतून निघालेला परिणाम मध्यम स्वरूपाचा होता. म्हणजे एका वर्गात दोन शिक्षक ठेवले की मुले आपोआप शिकतात, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. दोघांनी काय केले यावर सारे अवलंबून आहे, आणि म्हणून टाचणाच्या त्या कागदाकडे जरा जवळून पाहायला हवे.

त्यासाठी एक वर्ग समोर धरू. मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता पाचवी, पट ३८, तासिका ४० मिनिटांची. गणित शिकवणारे सर आहेत आणि विशेष शिक्षिकेला मुले मॅडम म्हणतात. वर्गात एका मुलाला श्रवणयंत्र आहे. एका मुलीला अध्ययन अक्षमता आहे. वाचताना ती अडखळते आणि आकडे लिहिताना त्यांची अदलाबदल करते. एका मुलाला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. बाकीच्यांकडे कसलेही प्रमाणपत्र नाही, याचा अर्थ त्यांना अपूर्णांक येतात असा नव्हे.

आजचा पाठ छोटाच पण अवघड आहे. १/३ मोठा की १/४? 'एक छेद तीन' आणि 'एक छेद चार' असे मुले घडाघडा वाचतात. पण चार हा तीनापेक्षा मोठा हे त्यांनी पहिलीपासून घोटलेले असते, त्यामुळे भरपूर मुले बिनधास्त १/४ ला मोठा ठरवतात. ही चूक दुर्लक्षातून होत नाही. पूर्ण संख्यांचे इतकी वर्षे खरे ठरलेले ज्ञान मुले इथे प्रामाणिकपणे वापरतात. म्हणूनच 'नीट बघ' म्हणून ती जात नाही.

सर आणि मॅडम आदल्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटे बसतात. पहिल्या पाच मिनिटांत सर एवढेच सांगतात की मुले कुठे घसरतात. मॅडम सांगतात की त्यांच्या तीन मुलांना कुठे अडेल. मग दोघे उजवा रकाना आधी भरतात. ही युक्ती साधी आहे आणि तिचा उपयोग मोठा आहे. सरांचा रकाना सवयीने भरला जातोच. मॅडमचा आधी भरला की सरांना आपला रकाना त्याला जुळवून लिहावा लागतो. नियम एकच: उजव्या रकान्यात 'मदत' हा शब्द एकटा येऊ द्यायचा नाही. मदत करायची तर कोणाला, कशात, कोणत्या साधनाने, हे लिहायचे.

पहिली पाच मिनिटे. सर फळ्यावर १/३ आणि १/४ लिहितात आणि मोठा अपूर्णांक पाटीवर लिहायला सांगतात. "मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम पाट्या वर. तोपर्यंत पाटी उलटी." मॅडम वर्गाच्या पुढच्या कोपऱ्यात, सगळ्यांना समोरून पाहता येईल अशा जागी, यादी घेऊन उभ्या. टाळी वाजते, ३८ पाट्या वर जातात आणि पाट्या खाली येण्याआधी मॅडमनी चुकलेल्यांच्या नावांपुढे खूण केलेली असते. इथे एकाने शिकवायचे, दुसऱ्याने निरीक्षण करायचे हा प्रकार वापरला, पण निरीक्षण कशाचे करायचे ते आधी ठरले होते. कोणी १/४ लिहिले, कोणी शेजाऱ्याची पाटी बघून घाईने पुसले, आणि कोणी अंश व छेद उलटे लिहिले, एवढ्या तीनच गोष्टी. 'वर्गाचे निरीक्षण करणे' असे लिहिले असते तर मॅडमनी फक्त शांतता राखली असती.

समजा १५ जणांनी १/४ लिहिले. त्यांतल्या आठांनी शेजाऱ्यांच्या पाट्या पाहून आपले उत्तर लगेच पुसायला घेतले. त्यांचा विश्वास डळमळीत होता. सात मात्र ठाम आहेत. गंमत म्हणजे आकड्यांची अदलाबदल करणारी ती मुलगी या सातांत नाही. तिने ३/१ लिहिले आहे, आणि मॅडमनी जवळ जाऊन बोटाने विचारले तर तीन भागांतला एक भाग मोठा असे ती बरोबर सांगते. तिची समज पक्की आहे, अडचण लिहिण्यात आहे. प्रमाणपत्राच्या यादीवरून गट पाडला असता तर ही मुलगी कोपऱ्यात बसून तिला आधीच कळलेली गोष्ट पुन्हा शिकली असती, आणि ते सात ठाम चुकलेले मागच्या बाकांवर तसेच राहिले असते.

पुढची आठ मिनिटे दोघे मिळून शिकवतात. यातली वाटणी बारीक आहे, पण बघण्यासारखी. सर बोलतात, मॅडम फळा सांभाळतात. एकच शिक्षक असला की तो फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत राहतो. श्रवणयंत्र वापरणारा मुलगा ऐकण्याच्या जोडीला ओठांच्या हालचालींवरही विसंबलेला असतो. पाठ फिरली की त्याचे अर्धे वाक्य जाते. इथे सरांचा चेहरा पूर्ण वेळ वर्गाकडे आहे. मॅडम फळ्यावर १२ चौकोनांच्या दोन सारख्या पट्ट्या काढतात, एकीचे तीन आणि दुसरीचे चार समान भाग करतात आणि त्या वेळी तोंडाने एक अक्षर बोलत नाहीत. दोघांनी एकदम बोलायचे नाही, ही अट कागदावर लिहिलेली असते, कारण ती सहज मोडली जाते.

१२ चौकोनांची पट्टी मुद्दाम निवडली आहे. मुलांना कागदाच्या घडीने तीन सारखे भाग पाडायला सांगितले तर अर्धा वेळ घड्या जुळवण्यात जातो आणि भाग सारखे होतच नाहीत. चौकटीच्या वहीतल्या कागदावर १२ चौकोनांची पट्टी कापली की तिचे दोन, तीन, चार आणि सहा समान भाग रेघेवर पडतात. १/३ म्हणजे चार चौकोन, १/४ म्हणजे तीन. यातही एक खड्डा आहे आणि तो मॅडमनीच आदल्या दिवशी दाखवला होता: काही मुले चौकोन मोजून '१/३ म्हणजे ४' असे धरून बसतात आणि तीन-चारचा घोळ आणखी वाढतो. म्हणून पट्टीचे भाग पाडून झाले की ते रंगवायचे आणि मग पट्ट्या उलट्या करून, चौकोन दिसणार नाहीत अशा, एकीखाली एक ठेवायच्या. लांबी डोळ्यांना दिसते, मोजायला काही उरत नाही.

या आठ मिनिटांतच मॅडम एकदा सरांना अडवतात. "सर, मला नाही पटत. चार भाग केले तर जास्त तुकडे मिळाले ना? मग जास्त मिळालं." हे ठरलेले असते. वर्गातल्या सात जणांच्या मनात हाच प्रश्न आहे, पण तो विचारायला कोणी हात वर करणार नाही. मोठ्या माणसाने तो विचारला की उत्तर ऐकायला लाज वाटत नाही. सर लगेच समजावत नाहीत. ते वर्गालाच मॅडमना पटवून द्यायला सांगतात. हा खेळ महिन्यात चार वेळा केला तर मुलांना तो ओळखता येतो, तेव्हा जपून वापरावा.

आता वर्ग विभागला जातो. बारा मिनिटे मोठा गट आणि छोटा गट. बहुतेक टाचणांत इथे विशेष शिक्षिका छोट्या गटाला घेऊन कोपऱ्यात जाते आणि सर सरावाची उदाहरणे घालतात. आपल्या या पाठात उलट आहे. ठाम चुकलेल्या सातांना सर घेतात आणि मोठा गट मॅडम चालवतात. कारण गणिती आहे. त्या सातांच्या डोक्यात संख्यांची एक पक्की पण चुकीच्या ठिकाणी लागलेली कल्पना बसली आहे, आणि ती कुठून आली, तिला कोणते उदाहरण धक्का देईल, हे सरांना जास्त माहीत आहे. दुसरे कारण वर्गाच्या डोळ्यांचे आहे. ३१ मुलांपुढे उभे राहून गणित घेणाऱ्या मॅडम या 'त्यांच्या मॅडम' राहत नाहीत, गणिताच्या मॅडम होतात. आणि कोपऱ्यात सरांकडे जाणे ही शिक्षा किंवा शिक्का वाटत नाही.

कोपरा वर्गातच, दाराजवळच्या रिकाम्या जमिनीवर. व्हरांड्यात नेले की ते 'बाहेर काढणे' होते आणि येणारेजाणारे बघतात. सर तिथे १/२, १/३, १/४, १/६ अशा चार पट्ट्या ओळीने लावायला सांगतात आणि न सांगता थांबतात. मुले पट्ट्या लावत गेली की कोणीतरी म्हणते, "सर, खालचा आकडा वाढला की तुकडा छोटा होत चाललाय." हे वाक्य मुलाकडून यावे म्हणून बारा मिनिटांतली सहा खर्च झाली तरी चालतात. एक सावधगिरी इथे लागते. सारख्या लांबीच्या पट्ट्या असतील तरच हे खरे ठरते. एखाद्याने १४ चौकोनांची पट्टी कापली असेल तर त्याचा १/४ फुगतो आणि गटात वाद पेटतो. तो वाद सरांनी मिटवू नये. दोन पट्ट्यांची टोके जुळवायला लावावीत.

मोठ्या गटाकडे मॅडमनी तीन जोड्या दिल्या आहेत: १/२ आणि १/६, २/३ आणि २/४, आणि लवकर संपवणाऱ्यांसाठी २/३ आणि ३/४. शेवटची जोडी फसवी आहे. 'छेद मोठा तर अपूर्णांक लहान' असा तयार नियम पाठ करणारा मुलगा २/३ ला मोठा म्हणतो. पट्टीवर २/३ चे आठ चौकोन भरतात आणि ३/४ चे नऊ. नियम मोडला की कान टवकारतात. या वेळात मोठ्या गटाला नवीन काही शिकवायचे नाही, हेही कागदावर आहे. नाहीतर कोपऱ्यातली सात मुले परतल्यावर एक पाऊल मागेच राहतील आणि उद्या त्यांच्यासाठी आणखी एक कोपरा लागेल.

त्या गटात मॅडमच्या तीन मुलांचे काय होते, ते टाचणात वेगळे लिहिलेले असते. अदलाबदल करणाऱ्या मुलीला अपूर्णांकाची आडवी रेघ आधीच काढलेली, वरच्या घरात एक रंग आणि खालच्या घरात दुसरा रंग असलेली पट्टी दिली आहे. प्रश्न तोच, अपेक्षा तीच, फक्त वाट वेगळी. याला सोय म्हणायचे. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी मात्र उद्दिष्टच वेगळे आहे: अर्धा आणि पाव भाग पट्टीवर ओळखणे आणि त्यांतला मोठा कोणता ते दाखवणे. ते त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातून आले आहे. सोय आणि बदललेले उद्दिष्ट यांत गल्लत झाली की मोठा अन्याय होतो. ज्या मुलीला केवळ रंगीत घरे हवी होती तिला अर्धे-पाव देऊन बसवले जाते, आणि वर्षभरात ती खरोखरच मागे पडते. कोणाला काय द्यायचे हे मॅडम सुचवतात. त्यातून पाठाचे गणित बदलते आहे का, हे सर तपासतात. ही एक जागा अशी आहे की दोघांपैकी एकट्याने निर्णय घेऊ नये.

श्रवणयंत्रवाल्या मुलाचे सगळ्यात कठीण मिनिट हेच, गटकामाचे. यंत्र हवा तो आवाज मोठा करते आणि नको तो गलकाही. म्हणून त्याची जागा सरांच्या कोपऱ्यापासून लांब, भिंतीच्या बाजूला आहे, मॅडम सूचना एकदाच तोंडी देतात आणि मग तीनही जोड्या फळ्यावर लिहितात, आणि सर हळू बोलतात. दोन शिक्षकांनी दोन टोकांना मोठ्याने समांतर शिकवायचा प्रकार या वर्गात आज मुद्दाम टाळला आहे. सहा प्रकारांपैकी अमुक उत्तम असे काही नसते. मोकळी खोली आणि २० मुले असती तर समांतर पाठच सोयीचा ठरला असता.

पंचविसाव्या मिनिटाला वर्ग पुन्हा एक होतो. कोपऱ्यातली दोन मुले आपल्या पट्ट्या फळ्यावर चिकटवून काय सापडले ते सांगतात आणि मोठ्या गटातले एक जण ३/४ चा घोळ मांडते. इथे सर बोलतात आणि मॅडम मुलांची वाक्ये जशीच्या तशी फळ्यावर लिहितात. मग चार-पाच तोंडी उदाहरणे, वहीत एक आकृती. या भागात फार काही रचू नये. मुलांना श्वास घ्यायला वेळ लागतो.

शेवटची पाच मिनिटे चिठ्ठीची. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर एक उत्तर लिहून दारात द्यायचे: १/४ आणि १/६ यांतला मोठा कोणता, आणि कशावरून? 'कशावरून'ला एक वाक्य किंवा एक आकृती चालेल. अर्धा-पावचा मुलगा मॅडमना पट्टीवर बोट ठेवून दाखवतो आणि त्या चिठ्ठीवर तारीख टाकतात. दारात सर गोळा करतात आणि मॅडम तिथेच तीन गठ्ठे करतात: उत्तर व कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नुसता पाठ नियम, उत्तर चूक. मधला गठ्ठा बहुतेक शाळांत कोणी वेगळा काढत नाही, आणि उद्याचा पाठ त्याच गठ्ठ्यावरून ठरतो. तिथली मुले २/३ आणि ३/४ ला अडकणार आहेत.

चांगल्या टाचणाने आखलेला पाठही बिघडतो, आणि तो बिघडताना ओळखू येतो. सगळ्यात आधी दिसणारी खूण म्हणजे एखादे मूल मॅडम येईपर्यंत पेन्सिल उचलत नाही. त्याला मदत नव्हे, सोबत लागायला लागली आहे. अशा वेळी दोघांनी जागा बदलायची, आणि मॅडमनी त्याच्या बाकाजवळ पहिली दोन मिनिटे जायचेच नाही. दुसरी खूण हजेरीच्या पानावर सापडते. दोन आठवडे कोपऱ्यात कोण बसले याच्या खुणा केल्या आणि रोज तीच सहा नावे निघाली, तर छोटा गट हा लवचिक गट राहिला नाही. वर्गात एक वेगळा वर्ग तयार झाला आहे. तिसरी खूण मुलांच्या तोंडी असते. पाण्याला जाऊ का, हे मुले फक्त सरांना विचारतात, आणि मॅडमनी हो म्हटले तरी सरांकडे बघतात. उगीच वाटेल, पण वह्या कोण तपासणार, परवानगी कोण देणार, पालकसभेला कोण बोलणार, वेळापत्रकात नाव कोणाकोणाचे, ही किरकोळ वाटणारी वाटणी आधी ठरली नाही तर वर्गात कोणाचा शब्द चालतो हे मुले आठवडाभरात ताडतात. चौथी खूण शिक्षक स्वतःच ओळखतात: टाचणात पंधरा मिनिटांचा कोपरा होता आणि सर मोठ्या गटाशी बोलत राहिले, कोपरा चार मिनिटांचा झाला. घड्याळ मॅडमकडे द्यावे.

इथवरचे सारे एका अटीवर उभे आहे: विशेष शिक्षिका वर्गात असली पाहिजे. महाराष्ट्रात हीच गोष्ट दुर्मीळ आहे. कायदा पुढे गेला आहे. १९९५ च्या दिव्यांगांच्या कायद्यात दिव्यांगतेचे सातच प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमाने ते २१ केले आणि अध्ययन अक्षमतेला त्यात जागा दिली. म्हणजे पूर्वी केवळ 'अभ्यासात कच्ची' म्हटली जाणारी मुलगी आता हक्काने काही मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक असे धरले, आणि पुरेशी भरती होईपर्यंत शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षकांची सोय करायला सांगितली. विशेष शिक्षण शिकवायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्यामुळे साध्या बी.एड. शिक्षकाला आयत्या वेळी त्या जागी बसवता येत नाही.

प्रत्यक्षात समग्र शिक्षा योजनेखाली काम करणारे विशेष शिक्षक गटसाधन केंद्राशी जोडलेले असतात आणि त्यांच्या वाट्याला अनेक शाळा येतात. एखाद्या शाळेत त्यांची फेरी ठरावीक दिवसांनी होते. हे शिक्षक आले की सवयीने त्यांची मुले वर्गाबाहेर काढून त्यांच्यासमोर बसवली जातात, नोंदवही भरली जाते आणि गाडी पुढच्या शाळेला जाते. त्या एका फेरीचा उपयोग वेगळा करता येतो. सरांनी महिन्याच्या नियोजनात दोन-तीन अवघड उपघटक आधी हेरायचे: भिन्नछेद अपूर्णांकांची तुलना, दशांश चिन्हाची जागा, भागाकारातला शून्य. मॅडमची फेरी त्यांतल्या एका दिवशी पडेल असे वेळापत्रक हलवायचे. आदल्या संध्याकाळी वीस मिनिटांचे बोलणे फोनवर करायचे आणि रकाने भरलेल्या कागदाचा फोटो पाठवायचा. म्हणजे आल्याआल्या दोघे वर्गात उभे राहू शकतात.

बाकीच्या दिवशी सर एकटेच असतात, तेव्हा उजव्या रकान्यातली काही कामे डावीकडे सरकतात आणि काही गळतात. गळतो तो संवादाचा खेळ आणि एकाच वेळी चालणारे दोन गट. राहते ती पाट्या एकदम वर करण्याची पद्धत, कारण तिला दुसरी व्यक्ती लागत नाही. पुढच्या बाकावरचा एखादा हुशार मुलगा खुणा करू शकतो, मात्र चुकलेल्यांची नावे त्याच्या हातात देऊ नयेत, फक्त संख्या. राहतात त्या रंगीत घरांच्या पट्ट्या, त्या मॅडमनी एका फेरीत ४० करून दिलेल्या असतात. फळ्याकडे पाठ करून बोलायचे नाही ही शिस्तही राहते; आधी लिहायचे, मग वळून बोलायचे, त्याला तासाला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. आणि चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे राहतात. ते रबर लावून टेबलाच्या खणात ठेवायचे. पुढच्या फेरीला मॅडम आल्या की नोंदवही उघडण्याआधी मधला गठ्ठा त्यांच्यापुढे टाकायचा, आणि त्या दिवशीच्या टाचणात उजवा रकाना त्यातल्या नावांपासून लिहायला घ्यायचा.